‘कार्टून’ म्हणून नाक मुरडणाऱ्या मोठ्यांना पहिला सिनेमा कोणता दाखवायचा?

आमच्या काकांचं कोल्हापुरात उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दारात कायम पडलेला लोखंडाचा भुसा. रविवारी वर्कशॉप बंद असतं, त्या दिवशी ते दुपारी आमच्याकडं राजारामपुरीत जेवायला येतात आणि जेवण झालं की टीव्हीसमोर बसतात. अशाच एका रविवारी मी त्यांना ‘स्पिरिटेड अवे’ हा जपानी ॲनिमेशन सिनेमा लावून दिला. ऑस्कर मिळालेला, जगभरात नावाजलेला, आणखी काय पाहिजे, असा माझा हिशोब होता. सुरुवातीलाच त्या मुलीचे आईवडील खाता खाता डुकरं होतात. काका म्हणाले, “माणसाचं डुक्कर झालं. बरं. पुढं?” आणि पुढं ते झोपले.

दुसरी चूक याहून मोठी. आईला रडवणारे सिनेमे आवडतात, म्हणून रात्री जेवणानंतर तिला ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ दाखवला. युद्धात आईवडिलांविना उरलेल्या भावाबहिणीची गोष्ट आहे. आई शेवटपर्यंत बसली, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाली, “असलं परत मला दाखवू नकोस.” सिनेमा वाईट होता असं ती म्हणत नव्हती. पण त्यानंतर वर्षभर तिनं ॲनिमेशनचं नाव काढू दिलं नाही.

दोन्ही वेळा मी एकच चूक केली होती. ‘सगळ्यात चांगला’ सिनेमा निवडला, समोरच्या माणसाचा निवडला नाही. आता काका, आत्या आणि वर्कशॉपमधले दोघंजण असे चौघंजण या बाजूला आले आहेत. कसे आले ते क्रमानं सांगतो.

आधी जमवायचं साहित्य

- एक कागद आणि पेन. (हसू नका, पहिल्या पायरीलाच लागतं.)
- टीव्हीवर चालणारं ओटीटी आणि त्यात मोठ्यांचं वेगळं प्रोफाइल.
- सिनेमा आधी एकट्यानं पाहायला तुमचे स्वतःचे दोन तास.
- चष्मा. तुमचा नाही, त्यांचा. सबटायटल सुरू झाल्यावर चष्मा शोधायला उठलेला माणूस परत बसत नाही.

## १. वाद घालू नका, यादी करा

मी आधी वाद घालायचो. काकांना सांगितलं, दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून, एकेक चित्र घेत ‘आगकाड्यांची मौज’ केली होती. ‘प्रभात’ कंपनी तर आपल्या कोल्हापुरातली, १९२९ साली इथं सुरू झाली, आणि पुण्याला गेल्यावर १९३४ मध्ये त्यांनी ‘जंबूकाका’ नावाचं कार्टून काढलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे काड्यापेटीचा खेळच की रं.” इतिहासानं कुणाचं मत बदलत नाही.

त्यापेक्षा कागद घ्या आणि त्या माणसानं अलीकडे *शेवटपर्यंत* पाहिलेल्या तीन गोष्टी लिहा. सिनेमा, मालिका, यूट्यूबवरचा व्हिडिओ, काहीही चालेल. प्रत्येकीसमोर त्यांनी नंतर बोलताना कशाचा विषय काढला ते लिहा. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा आहे. काकांची यादी अशी होती:

- पाणबुडीवरचा एक युद्धपट. नंतर बोलले ते फक्त पाणबुडीचं इंजिन बंद पडतं त्याबद्दल. युद्धाबद्दल चकार शब्द नाही.
- जुनी वाफेची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका परदेशी माणसाचे व्हिडिओ. याबद्दल तासन् तास.
- एक कौटुंबिक मराठी सिनेमा. “बायको आजारी असताना तो कामावर जातो, ते खरं दाखवलंय.”

पहिला रकाना पाहून तुम्ही ‘युद्धपट’ शोधायला जाल आणि फसाल. दुसरा रकाना सांगतो की या माणसाला यंत्र कसं चालतं आणि ते करणाऱ्याचं घर कसं चालतं, या दोन गोष्टींत रस आहे.

## २. ‘मोठ्यांसाठी’ या शब्दात फसू नका

पडद्याच्या कोपऱ्यात वयोगट येतो. ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार U, U/A 7+, U/A 13+, U/A 16+ आणि A असे पाच गट आहेत, आणि शेजारी हिंसा, शिव्या, नग्नता असं कारणही लिहिलेलं असतं. नवख्या माणसाला वाटतं, मोठ्यांसाठी निवडायचं म्हणजे A बघायचं. तिथंच पहिला खड्डा आहे.

A चा अर्थ मुलांना दाखवू नका एवढाच. त्यात मोठ्यांना विचार करण्यासारखं काही असेलच असं नाही. ॲनिमेशनमध्ये A मिळालेल्या पुष्कळ मालिका म्हणजे शिव्या आणि रक्त यांची आतषबाजी असते, आणि ती पाहून साठीचा माणूस म्हणतो, “कार्टूनच, वर वाह्यात.” उलट काही सिनेमांत आक्षेप घेण्यासारखं काही नसतं, तरी दहा वर्षांचं पोर त्यात वीस मिनिटंही टिकणार नाही. नोकरीला कंटाळलेली सत्तावीस वर्षांची बाई सुट्टी घेऊन खेड्यात जाते आणि वाटेत तिला पाचवीतले दिवस आठवतात, यात पोराला काय कळणार? असा एक सिनेमा खरोखर आहे, त्याच्याकडं पुढं येतोच.

वयोगट वाचा तो एवढ्यासाठी, की शेजारी नातवंडं बसली असतील किंवा सासू-सून एकत्र पाहणार असतील तर अवघडलेपण नको. निवडीचं काम तो करत नाही.

## ३. पहिल्या वेळी चार गोष्टी बाजूला ठेवा

हे सिनेमे वाईट नाहीत. पहिले म्हणून चालत नाहीत, इतकंच.

भुतंखेतं, जादू, बोलणारे प्राणी. समोरच्याच्या मनात ‘कार्टून’ नावाचा जो खण आहे, तो याच गोष्टींनी भरलेला असतो. पहिल्या दहा मिनिटांत बोलणारा प्राणी आला की तो खण उघडतो आणि सिनेमा त्यात जाऊन पडतो. देवादिकांच्या गोष्टी मात्र याला अपवाद. २०२५ साली ‘महावतार नरसिंह’ला आयाबाया, आजोबा थिएटरात जाऊन आले, त्याला कुणी कार्टून म्हटलं नाही. पण त्यातून पुढं दुसऱ्या ॲनिमेशनकडं वाट जात नाही, कारण त्यांच्या लेखी तो दर्शनाचा कार्यक्रम होता.

सगळ्यात दुःखद. ॲनिमेशन किती गंभीर असतं हे दाखवायच्या भरात आपण सगळ्यात जड दगड आधी उचलून देतो. आईचं तेच झालं. ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ १९८८ साली जपानात ‘माय नेबर टोटोरो’ या गोड सिनेमाबरोबर एकाच तिकिटात दाखवला गेला होता. त्या वेळच्या आयांचं काय झालं असेल, देव जाणे.

लांबलचक मालिका. यावर शेवटी बोलू.

‘आपलं आहे’ म्हणून निवडलेलं. गीतांजली राव यांचा ‘बॉम्बे रोझ’ एकेक चित्र रंगवून केलेला आहे, मुंबईच्या फुटपाथवर फुलं विकणारी मुलगी त्यात आहे, तेव्हा ओळखीचं वाटेल असा आपला अंदाज असतो. पण तो स्वप्नासारखा वाहतो, माणसं मध्येच जुन्या काळातल्या चित्रात जातात. ज्याला गोष्ट सरळ रेषेत लागते तो यात हरवतो. तिसरा किंवा चौथा सिनेमा म्हणून उत्तम.

## ४. जोडी लावा: काकांचं उदाहरण

काकांच्या कागदावरून मी निवडला ‘द विंड रायझेस’. २०१३ चा जपानी सिनेमा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकी, म्हणजे काकांना झोपवणाऱ्या ‘स्पिरिटेड अवे’चेच. विषय जिरो होरिकोशी या विमानाच्या इंजिनिअरचा. हा माणूस खरा होऊन गेला, दुसऱ्या महायुद्धातलं जपानचं ‘झीरो’ लढाऊ विमान त्यानंच आखलं. सिनेमातलं त्याचं लग्न आणि बायकोचा क्षय हा भाग मात्र त्याच्या आयुष्यातला नाही, तो एका जपानी कादंबरीवरून घेतलाय. काकांना हे आधीच सांगितलं. खरं-खोटं नंतर कळलं की ते चिडतात.

आता जोडी का जमली ते बारकाईनं सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमच्या माणसासाठी तसंच करता येईल.

सिनेमात एक बैठक आहे. जिरो इतर इंजिनिअरांना रिव्हेट दाखवतो. साध्या रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या वर गोल उभं राहतं, आणि विमान वेगात असलं की हवा त्या हजारो डोक्यांना अडते. जिरोचं म्हणणं, डोकं पत्र्यात बुडवायचं, पृष्ठभाग सपाट ठेवायचा. काका एकदम पुढं सरकून बसले. “काउंटरसंक रिव्हेट. बरोबर आहे त्याचं.” मग जिरो म्हणतो, वजनाचा प्रश्न सोडवायचा एक मार्ग आहे, बंदुकाच काढून टाकायच्या. सगळे हसतात. काकाही हसले, आणि त्या हसण्यानंतर थोडा वेळ गप्प झाले. सिनेमाचं सगळं दुखणं त्या विनोदात आहे: याला सुंदर विमान करायचंय आणि पैसे देणाऱ्याला ते लढाईसाठी पाहिजे.

दुसरी जागा, तयार विमान कारखान्यातून धावपट्टीवर न्यायचं असतं तेव्हाची. ते बैल ओढत नेतात. जगातलं नवं विमान आणि पुढं बैलजोडी. उसाच्या गाड्या बघत वाढलेल्या माणसाला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही.

तिसरी जागा भूकंपाची. १९२३ चा टोकियोचा भूकंप. जमीन सतरंजी झटकावी तशी उचलली जाते, आणि तिचा जो आवाज येतो तो यंत्राचा नाही, माणसांनी तोंडानं काढलेला आहे. विमानांच्या इंजिनांचे आवाजसुद्धा तसेच तोंडानं काढलेत. हे मी काकांना सिनेमा झाल्यावर सांगितलं. ते म्हणाले, “मला वाटलंच, मशीन एवढं कण्हत नाही.” मग आणखी एक सांगितलं: भूकंपानंतरच्या गर्दीचं चार सेकंदांचं एक दृश्य काढायला एका चित्रकाराला सव्वा वर्ष लागलं. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण सोमवारी वर्कशॉपमध्ये पोरांना हीच गोष्ट सांगताना मी ऐकलं, आणि त्यांच्या तोंडी सव्वा वर्षाचं दीड वर्ष झालं होतं.

या निवडीत दोन धोके होते, ते लपवत नाही. एक म्हणजे लांबी, १२६ मिनिटं. माझा नेम आहे की पहिला सिनेमा शंभर मिनिटांच्या आतला असावा, इथं तो मोडला, कारण विषय काकांच्या हातातला होता. दुसरा धोका सुरुवातीचा. सिनेमा एका स्वप्नानं उघडतो. लहान जिरो घराच्या छपरावरून विमानात बसून उडतो आणि वर ढगांत विचित्र काळे बॉम्ब लटकलेले असतात. इथं काका ‘बघ, निघालं कार्टून’ म्हणणार हे मला पाठ होतं. म्हणून बटण दाबायच्या आधी एकच वाक्य सांगितलं: “पहिलं स्वप्न आहे, पाच मिनिटं थांबा, पुढं भूकंप आहे.” ते थांबले.

तुमच्या माणसाच्या कागदावर काही वेगळं असेल, तर त्यासाठी थोड्या जोड्या, माझ्या अनुभवातल्या:

- बातम्या, परदेशी राजकारण पाहणारा: ‘पर्सेपोलिस’ (२००७). इराणी क्रांतीच्या काळात वाढलेल्या मुलीची गोष्ट, बहुतेक काळीपांढरी, दीड तासाची. विनोदही चांगला.
- माहितीपट पाहणारा: ‘फ्ली’ (२०२१). अफगाणिस्तानातून पळालेल्या माणसाची खरी मुलाखत. त्याची ओळख लपवायची होती, म्हणून चित्रं. इथं ‘मग खरी माणसं घेऊन का नाही काढला?’ हा प्रश्नच उरत नाही.
- पत्रं जपून ठेवणारा: ‘मेरी अँड मॅक्स’ (२००९). ऑस्ट्रेलियातली एक मुलगी आणि न्यूयॉर्कमधला एकटा माणूस, वीस वर्षांची पत्रमैत्री, मातीच्या बाहुल्यांनी केलेली. हसवतो, पण शेवट हळवा आहे.
- हिंदी मसाला पाहणारा: ‘टोकियो गॉडफादर्स’ (२००३). तीन बेघर माणसांना कचऱ्यात तान्हं बाळ सापडतं. योगायोगांची अशी रेलचेल की सत्तरच्या दशकातला आपला सिनेमा आठवावा.

## ५. बटण दाबायच्या आधीची तपासणी

पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक लोक इथंच घसरतात.

प्रोफाइल. घरात नातवंडं असली की टीव्ही बहुधा मुलांच्या प्रोफाइलवर उघडतो. तिथं मोठ्यांचे सिनेमे शोधून सापडतच नाहीत आणि आपल्याला वाटतं, तो इथं नाहीच. मोठ्यांच्या प्रोफाइलवर जाऊन शोधा. ओटीटीवरचे सिनेमे येत-जात असतात, तेव्हा रविवारी दाखवायचा सिनेमा शनिवारी रात्री शोधून ठेवा.

भाषा. मराठी सबटायटल जवळजवळ मिळत नाहीत, हे धरूनच चाला. ‘ऑडिओ आणि सबटायटल’ची यादी उघडून हिंदी आवाज आहे का बघा, तो नसेल तर हिंदी सबटायटल, तेही नसेल तर इंग्रजी. काकांना इंग्रजी वाचता येतं, पण पळत्या ओळी गाठता येत नाहीत. त्यांना मी इंग्रजी आवाज लावून खाली इंग्रजी ओळी ठेवल्या, कानानं निसटलेलं डोळ्यानं पकडायला. जाणकार म्हणतात मूळ जपानी आवाजातच पाहावं. जाणकारांनी काकांशेजारी बसून दाखवावं.

एक बारीक गोष्ट: यादीत इंग्रजीपुढं CC लिहिलेलं असेल तर त्या ओळींत ‘दार वाजते’, ‘वारा सुटतो’ असेही आवाज लिहून येतात, आणि त्या बहुधा इंग्रजी डबिंगच्या संवादांशी जुळतात. जपानी आवाज लावून त्या ओळी ठेवल्या तर माणूस बोलतो एक आणि खाली येतं भलतंच.

अक्षराचा आकार. सेटिंगमध्ये सबटायटल मोठं करता येतं, मागं काळी पट्टी देता येते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं वाचताना डोळे आखडले की दोष ‘कार्टून’च्या माथी जातो.

पुढचं आपोआप लागणं बंद करा. कारण पुढच्या पायरीत.

## ६. एकदा स्वतः पूर्ण पाहा: आत्याचं उदाहरण

आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून गणित शिकवून निवृत्त झाली. शिवाजी पेठेत राहते. तिच्या कागदावर होतं: गावाकडच्या गोष्टी, शाळेचे विषय, आणि ‘माणसं ओरडत नाहीत असं काहीतरी’. तिच्यासाठी ‘ओन्ली यस्टरडे’ काढला, १९९१ चा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. वर म्हटलं ती सत्तावीस वर्षांची बाई, ताएको, याच सिनेमातली.

आधी एकट्यानं पाहिल्यामुळं मला तीन गोष्टी कळल्या.

पहिली, आत्यासाठी हुकमी जागा कुठं आहे. लहान ताएकोला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही. दोन तृतीयांश भागिले एक चतुर्थांश. बहीण सांगते, उलटं कर आणि गुण. ताएको सफरचंदाचं चित्र काढून बसते: दोन तृतीयांश सफरचंद चौघांत वाटलं तर उत्तर मोठं कसं येईल? बहीण वैतागते, घरात कुजबुज होते की पोरीच्या डोक्यात काही कमी आहे का. आत्यानं इथं सिनेमा थांबवायला लावला. “अगं, ती चारनं भागतेय, पाव नं नाही! तिला कुणी विचारलंच नाही की तू काय करतेयस.” आणि मला चाळीस वर्षांपूर्वीच्या तिच्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. सिनेमा पाऊण तासानं पुन्हा सुरू झाला.

दुसरी गोष्ट, खटकणारी जागा. मोठेपणीच्या ताएकोच्या गालांवर हसताना रेषा उठतात, आणि सवय नसलेल्याला ती म्हातारी वाटते. त्याचं कारण असं, की या भागासाठी आवाज आधी रेकॉर्ड केले आणि चेहऱ्याचे स्नायू त्या बोलण्याबरहुकूम काढले. लहानपणीचा भाग मात्र फिकट, कडेला कागद कोरा सोडल्यासारखा आहे, आठवण जशी कडेनं पुसट होते तसा. एवढं आधी सांगितलं की गालांच्या रेषा खटकत नाहीत, उलट माणूस त्या शोधत बसतो.

खेड्यात ती फुलं तोडायला जाते ती करडईची. आपल्याकडं करडई म्हणजे तेल आणि कोवळी भाजी. तिथं तिच्या पाकळ्यांपासून लाल रंग काढतात. पहाटेच तोडणी, कारण दवानं काटे मऊ असतात. आत्या म्हणाली, “काटे टोचले की कळतं, आमच्याकडं करडईच्या रानात कोण शिरत नव्हतं.” ज्या सिनेमात आपलं पीक निघतं तो सिनेमा परका राहत नाही.

आणि तिसरी गोष्ट, ज्यासाठी ही पायरी लिहिली. या सिनेमाचा शेवट नावं पडायला लागल्यावर येतो. नावं सुरू झाली की आपण उठतो, दिवा लावतो, आणि ओटीटी तर चित्र कोपऱ्यात बारीक करून पुढची जाहिरात दाखवायला लागतं. तिथंच बंद केलंत तर सिनेमा उलट्या अर्थाचा होतो. म्हणून आपोआप पुढं जाणं आधीच बंद करायचं, आणि चित्र बारीक झालंच तर नावं पाहण्याचं बटण लगेच दाबायचं. मी स्वतः आधी पाहिला नसता तर आत्याला चुकीचा शेवट दाखवून मोकळा झालो असतो.

## ७. सोबत बसा, पण गाईड होऊ नका

पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्याकडं बघू नका. कुणी आपली परीक्षा घेतंय असं वाटलं की माणूस मुद्दाम नापास होतो.

‘बघा, किती भारी काढलंय’ असं म्हणू नका. चित्राचं कौतुक सुरू झालं की लक्ष गोष्टीवरून उडतं. कसं केलं ते नंतर, त्यांनी विचारलं तरच.

अर्ध्या तासानं मोबाइल हातात आला तर बंद करा. ‘आणखी थोडं बघा, पुढं रंगतो’ हे वाक्य मी तीनदा वापरलंय आणि तीनही वेळा पुढं रंगला नाही. बंद करून चहा टाका आणि विचारा, कुठं कंटाळा आला? उत्तर ‘हळू आहे’ असेल तर पुढचा वेगवान घ्या. ‘कळत नाही कोण कोण आहे’ असेल तर कमी पात्रांचा घ्या, जपानी चेहरे आणि नावं नवख्याला खरंच सारखी वाटतात. ‘कार्टून आहे’ एवढंच उत्तर आलं तर विषय महिनाभर काढू नका.

## ८. मालिका तिसऱ्या महिन्यात

दोन-तीन सिनेमे पचल्यावरच मालिकेकडं जा. मालिका म्हणजे उधारी. पहिल्या भागाला ‘बरं आहे’ म्हणणारा माणूस चौथ्या भागापर्यंत विसरतो, आणि विसरलेली मालिका तो परत उघडत नाही.

निवडताना पहिला नाही, तिसरा भाग आधी पाहा. पहिल्या भागात पैसा आणि जीव ओतलेला असतो, मालिकेची खरी चाल तिसऱ्यात कळते. काही चांगल्या मालिका उलट उशिरा उमलतात. ‘बोजॅक हॉर्समन’ पहिले पाच-सहा भाग नुसती थट्टा वाटते आणि नायक घोड्याच्या तोंडाचा आहे, तेव्हा काकांच्या वयाला ती मी सुचवणार नाही.

गुन्ह्याच्या मालिका पाहणाऱ्यांसाठी माझ्याकडं एकच नाव आहे, ‘मॉन्स्टर’. जर्मनीत काम करणारा एक जपानी मेंदूचा डॉक्टर. वरिष्ठ सांगतात महापौराचं ऑपरेशन कर, तो आधी आलेल्या मुलाचं करतो, मुलगा वाचतो, महापौर मरतो. काही वर्षांनी कळतं की वाचवलेला मुलगा खुनी निघालाय. उडणं नाही, जादू नाही, केस निळे नाहीत. अडचण एकच: ७४ भाग. प्रत्येक चोवीस मिनिटांच्या आसपास. म्हणून हप्ता ठरवून घ्या. आम्ही रविवारी दोन ठरवले होते.

काका सध्या एकतिसाव्या भागावर आहेत. मी अठ्ठाविसाव्यावर. मधल्या आठवड्यात मी नसताना त्यांनी वर्कशॉपमध्ये मोबाइलवर पाहून घेतले, आणि आता जेवताना म्हणतात, “तुला सांगू का त्या डॉक्टरचं पुढं काय होतंय ते?”